डॉलरमधील परीक्षा शुल्काची पडतळ

व्यापारी घरात मालाची किंमत आणि मालाची पडतळ यांतील फरक लहान मुलालाही ठाऊक असतो. बाजारात धान्याचा भाव ठरला म्हणून पोत्याची किंमत कळत नाही. आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे हे सारे मिळवल्यावर माल दुकानात कितीला पडला ते समजते. विदेशी संस्थेच्या परीक्षेचे शुल्क भरताना मात्र हेच सूत्र अनेकदा विसरले जाते. संस्थेच्या पानावर डॉलरचा आकडा दिसतो, वर्तमानपत्रातील दराने त्याला गुणले जाते आणि तेवढ्या रकमेची तयारी ठेवून शेवटच्या दिवशी कार्ड पुढे केले जाते. मग कार्ड नाकारले जाते, किंवा व्यवहार होतो पण महिन्याच्या विवरणात चार-पाच हजार रुपये अधिक दिसतात.

अक्कलकुव्यासारख्या, नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला गुजरातच्या सीमेलगत असलेल्या तालुक्याच्या गावी ही अडचण थोडी मोठी होते. परकीय चलनाचे काम पाहणारी शाखा जवळ नसते आणि ज्याला विचारावे असा माणूसही पटकन भेटत नाही. तरीही पूर्वतयारी असेल तर हे सारे काम गावात बसून नीट होऊ शकते. त्यासाठी पडतळ काढण्याची सवय आणि तारखांचे भान एवढेच लागते.

आधी शुल्काचा प्रकार ओळखावा

विदेशी म्हटल्या जाणाऱ्या सर्व परीक्षांचे शुल्क परकीय चलनातच भरावे लागते असे नाही. शुल्क आकारण्याच्या ढोबळमानाने तीन रीती आहेत.

पहिल्या रीतीत परीक्षा विदेशी असली तरी भारतातील उमेदवाराकडून शुल्क रुपयांतच घेतले जाते. इंग्रजी भाषेची आयईएलटीएस परीक्षा हे याचे परिचित उदाहरण. येथे विनिमयाचा खर्च उमेदवाराच्या वाट्याला येत नाही आणि साधे देशांतर्गत कार्ड चालते.

दुसऱ्या रीतीत संस्था देशानुसार वेगवेगळे शुल्क ठरवते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संगणक प्रमाणपत्र परीक्षा या प्रकारात येतात. परीक्षा ज्या देशात दिली जाते त्या देशाचा दर लागतो आणि भारतातील दर अमेरिकेतील दराहून बराच कमी आहे. त्यामुळे एखाद्या पुस्तकात किंवा परदेशस्थ नातलगाने सांगितलेला डॉलरचा आकडा धरून घाबरण्याचे कारण नाही. नोंदणीच्या पानावर देश म्हणून भारत निवडल्यावर जो आकडा दिसतो तोच खरा. यात एक पथ्य मात्र पाळावे. आणखी स्वस्त देश शोधून तेथील खोटा पत्ता देणे, किंवा अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत सवलतीची कूपने घेणे या वाटेने जाऊ नये. अशी कूपने गैरमार्गाने मिळवलेली निघाली तर नोंदणी रद्द होते आणि पैसे परत मागायला कोणी सापडत नाही.

तिसऱ्या रीतीत संपूर्ण जगासाठी एकच शुल्क असते आणि तेही डॉलर किंवा पौंडात. गुंतवणूक विश्लेषणाच्या क्षेत्रातील सीएफए ही परीक्षा या प्रकारची आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सविल येथे मुख्यालय असलेली सीएफए इन्स्टिट्यूट ती घेते. न्यूयॉर्कचा उमेदवार असो वा नंदुरबारचा, दोघांनाही सारखेच डॉलर मोजावे लागतात. येथे प्रादेशिक सवलत नाही, म्हणून शिष्यवृत्ती हाच शुल्क कमी करण्याचा खरा मार्ग उरतो. वाणिज्य शाखेतील मुलांचा ओढा या परीक्षेकडे असल्याने पुढील हिशेब तिच्याच आधारे मांडला आहे.

एका घराचा हिशेब

समजा, अक्कलकुव्यातील एका किराणा व धान्य व्यापाऱ्याची मुलगी बी.कॉम. होऊन सीएफएच्या तीन स्तरांपैकी पहिल्या स्तराला बसू इच्छिते. सन २०२५ च्या परीक्षांसाठी या स्तराचे शुल्क लवकर नोंदणी करणाऱ्यास ९९० डॉलर आणि नंतर करणाऱ्यास १,२९० डॉलर होते. शिवाय प्रथमच येणाऱ्या उमेदवारास ३५० डॉलर प्रवेशशुल्क एकदाच द्यावे लागत होते. शुल्काचे आकडे आणि त्यांची रचना संस्था वरचेवर बदलते, म्हणून प्रत्यक्ष भरताना चालू वर्षाचे आकडे पाहावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

लवकर नोंदणी केल्यास एकूण १,३४० डॉलर होतात. सोयीसाठी कार्डसंस्थेचा दर एका डॉलरला ८६ रुपये धरू. मूळ रक्कम १,१५,२४० रुपये झाली. ही मालाची किंमत, पडतळ नव्हे.

भारतीय बँकांची अनेक कार्डे परकीय चलनातील व्यवहारावर साडेतीन टक्के अधिभार लावतात. बँकेच्या शुल्कपत्रकात तो ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ या नावाने सापडतो. त्या अधिभारावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे साडेतीन टक्क्यांचे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. वरील रकमेवर अधिभार ४,०३३ रुपये आणि त्यावरील कर ७२६ रुपये. एकूण पडतळ जवळजवळ १,२०,००० रुपये.

काही कार्डांवर हाच अधिभार दोन टक्के असतो. अशा कार्डावर अधिभार व कर मिळून सुमारे २,७२० रुपये होतात आणि पडतळ १,१७,९६० च्या आसपास येते. योग्य कार्ड निवडल्याने वाचले ते सुमारे २,०४० रुपये.

आता तारखेचा हिशेब पाहा. लवकर नोंदणीची मुदत चुकली तर ३०० डॉलर अधिक लागतात. ८६ च्या दराने ते २५,८०० रुपये होतात आणि साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर अधिभार व कर धरून सुमारे २६,८६५ रुपये. कार्डाच्या निवडीने जे वाचते त्याच्या तेरापट एक तारीख चुकल्याने जाते. पालक अनेकदा कमी अधिभाराचे कार्ड शोधण्यात किंवा डॉलर उतरण्याची वाट पाहण्यात आठवडे घालवतात. डॉलर एक रुपयाने उतरला तरी १,३४० डॉलरमागे १,३४० रुपयेच वाचतात. मुदतीच्या पुढे गेल्यावर हरवणारी रक्कम त्याहून कितीतरी मोठी आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणते कार्ड’ हा नसून ‘शेवटची तारीख कोणती’ हा आहे. ही तारीख परीक्षेच्या कित्येक महिने आधी येते.

बँकेतून पाठवणे स्वस्त पडते काय?

कार्डाचा अधिभार पाहून बँकेमार्फत रक्कम पाठवावी असा विचार मनात येतो. संस्था बिल देऊन बँकेमार्फत पैसे स्वीकारत असेल तर तो मार्गही खुला असतो. परंतु त्याचीही पडतळ काढावी.

बँक डॉलर विकताना आपला विक्रीदर लावते आणि तो कार्डसंस्थेच्या दरापेक्षा सहसा चढा असतो. तो ८७ रुपये धरला तर १,३४० डॉलरचे १,१६,५८० रुपये होतात. पाठवणावळ हजार रुपये व त्यावरील कर १८० रुपये धरू. चलन बदलून देण्याच्या सेवेवर स्वतंत्र वस्तू व सेवा कर लागतो. तो संपूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरलेल्या लहान हिश्शावर असतो. येथे तो सुमारे १९५ रुपये येईल. विदेशातील मध्यस्थ बँकेचा खर्च २५ डॉलर धरला तर २,१७५ रुपये. सर्व मिळून १,२०,१३० रुपये. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या कार्डाइतकीच पडतळ झाली. पाठवणावळ आणि मध्यस्थाचा खर्च रकमेनुसार फारसा वाढत नाही, त्यामुळे मोठ्या शिक्षणशुल्कासाठी हा मार्ग फायद्याचा ठरतो. एका परीक्षेच्या शुल्कासाठी तो क्वचितच स्वस्त पडतो.

तरीही कार्डाची मर्यादा अपुरी असल्याने हाच मार्ग घ्यावा लागला, तर दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली गोष्ट मध्यस्थ बँकेच्या खर्चाची. अर्जात हा खर्च कोणी सोसायचा याचे पर्याय असतात. OUR निवडल्यास तो पाठवणारा सोसतो. SHA निवडल्यास मध्यस्थ बँक वाटेत आपला खर्च कापून घेते आणि संस्थेकडे १,३४० ऐवजी कमी डॉलर पोहोचतात. संस्थेच्या दृष्टीने ते शुल्क अपुरे असते, नोंदणी पूर्ण होत नाही आणि उरलेल्या वीस-पंचवीस डॉलरसाठी पुन्हा सारा खटाटोप करावा लागतो. तोवर मुदत संपण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट खात्याची. व्यक्तीने विदेशात पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची ही सवलत भागीदारी संस्था, कंपनी किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळत नाही. व्यापारी घरात बहुतेक पैसा दुकानाच्या चालू खात्यात असतो आणि धनादेश त्याच खात्याचा निघतो. भागीदारी संस्थेच्या नावाच्या खात्यातून मुलीच्या परीक्षेचे शुल्क या योजनेखाली जाणार नाही. रक्कम आधी वडिलांच्या किंवा मुलीच्या वैयक्तिक बचत खात्यात यावी आणि दुकानाच्या वहीत ती उचल म्हणून लिहिली जावी. दुकानाच्या कार्डाने शुल्क भरले तरी तो धंद्याचा खर्च होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

बँकेला ए-२ हा अर्ज, पॅन आणि संस्थेचे बिल लागते. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचे काम होत नसेल तर कागद दुसऱ्या शाखेकडे जातात आणि त्यात काही दिवस मोडतात. मुदतीच्या किमान दोन आठवडे आधी अर्ज द्यावा. स्रोतावर गोळा होणाऱ्या कराची भीती मात्र एका परीक्षेच्या शुल्कासाठी नाही. १ एप्रिल २०२५ पासून या योजनेखाली वर्षभरात पाठवलेली एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेल्यासच तो लागू होतो. त्याच वर्षी त्याच पॅनवर दुसऱ्या मुलाचे विदेशातील शिक्षणशुल्क गेले असेल तर दोन्ही रकमा एकत्र धरल्या जातात, बँका वेगवेगळ्या असल्या तरी.

कार्ड का नाकारले जाते?

कार्ड नाकारले गेले की दोष संस्थेच्या संकेतस्थळाला दिला जातो. बहुतेक वेळा कारण घरातच असते.

पहिले कारण कार्डाच्या प्रकाराचे. गावाकडील अनेक खात्यांना केवळ देशांतर्गत वापराचे रुपे कार्ड मिळालेले असते. ते विदेशी संस्थेच्या पानावर चालत नाही. आंतरराष्ट्रीय वापराचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागवावे. ते टपालाने येण्यास लागणारा वेळही मुदतीच्या हिशेबात धरावा.

दुसरे कारण बंद असलेल्या कळीचे. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकामुळे नवे कार्ड देशातील एटीएम व दुकानांतील वापरापुरतेच चालू स्थितीत दिले जाते. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या मोबाइल अॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये त्यासाठी स्वतंत्र कळी असतात. ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ या दोन्ही चालू कराव्या लागतात. एकच चालू केली तर व्यवहार नाकारला जातो.

तिसरे कारण मर्यादेचे. तीही त्याच ठिकाणी ठरवता येते आणि आंतरराष्ट्रीय व्यवहाराची मर्यादा पुष्कळदा कमी ठेवलेली असते. खात्यात दोन लाख रुपये असले तरी ५० हजारांची मर्यादा असेल तर सव्वा लाखाचा व्यवहार होणार नाही. क्रेडिट कार्डाची एकूण मर्यादा लाखाची असेल तर बँकेकडून ती आधी वाढवून घ्यावी. संस्थेला रक्कम सहसा एकाच व्यवहारात हवी असते, म्हणून दोन कार्डांवर वाटून भरण्याचा भरवसा धरू नये. मर्यादा ठरवताना थोडी जागा वर ठेवावी. काही विदेशी संस्था भारतीय उमेदवाराच्या बिलात वस्तू व सेवा कराची ओळ जोडतात आणि शेवटच्या पानावर आकडा वाढतो.

वडिलांच्या कार्डाने शुल्क भरताना आणखी एक चूक होते. देयकाच्या रकान्यात मुलीचे नाव आणि तिच्या वसतिगृहाचा पत्ता लिहिला जातो. तेथे कार्डधारकाचे नाव व बँकेत नोंदवलेला पत्ताच हवा. उमेदवाराची माहिती वेगळ्या पानावर असते.

पैसे भरताना पानावर कधी कधी रक्कम रुपयांत भरण्याचा पर्याय येतो. आकडा ओळखीचा दिसल्याने तो बरा वाटतो. परंतु त्या रुपयांत दुसऱ्याने आपला चढा विनिमय दर आधीच घातलेला असतो आणि विदेशी व्यापाऱ्याशी झालेल्या रुपयांतील व्यवहारावरही काही बँका आपले शुल्क लावतात. ज्या परीक्षेचा मूळ दरच डॉलरमध्ये आहे तेथे डॉलरमध्येच भरावे.

व्यवहार अडकला तर लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करू नये. कधी कधी बँकेकडून रक्कम राखून ठेवली जाते आणि पानावर मात्र व्यवहार फसल्याचे दिसते. आधी संस्थेच्या खात्यात नोंदणीची स्थिती आणि बँकेत रकमेची स्थिती पाहावी. दोनदा शुल्क गेले तर एक परत येते, परंतु ते परतीच्या दिवशीच्या दराने येते आणि अधिभार परत मिळेलच असे नाही. क्रेडिट कार्डावर संदेशातील आकडा आणि विवरणातील आकडा यांत थोडा फरक दिसला तर घाबरू नये. रक्कम खात्यात प्रत्यक्ष नोंदली जाते त्या दिवशीचा दर लागल्याने तसे होते.

विदेशी संकेतस्थळावर ओटीपी विचारला जाईलच असे नाही, केवळ कार्डाच्या आकड्यांवरही रक्कम वजा होऊ शकते. म्हणून काम होताच आंतरराष्ट्रीय वापराची कळ बंद करावी आणि मर्यादा पूर्ववत खाली आणावी.

शिष्यवृत्तीचा अर्ज नोंदणीच्या आधी

जगभर एकच शुल्क ठेवणाऱ्या संस्था गरजू उमेदवारांसाठी वेगळे दार ठेवतात. सीएफए इन्स्टिट्यूटची ‘अॅक्सेस स्कॉलरशिप’ अशीच आर्थिक गरजेवर आधारलेली आहे. ती मिळालेल्या उमेदवाराला शुल्काचा मोठा भाग भरावा लागत नाही. उरलेली रक्कम मात्र स्वतः भरावी लागते, म्हणून कार्डाची तयारी तेव्हाही लागतेच. याशिवाय संस्थेशी संलग्न असलेल्या विद्यापीठांमार्फत विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांची चौकशी मुलगा किंवा मुलगी जेथे शिकते त्या महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागात करावी.

येथे सर्वांत महाग पडणारी चूक क्रमाची आहे. लवकर नोंदणीची सवलत हातची जाऊ नये म्हणून आधी पूर्ण शुल्क भरले जाते आणि मग शिष्यवृत्तीचा अर्ज केला जातो. भरलेल्या शुल्कावर शिष्यवृत्ती मागाहून लागू होत नाही. ज्याला शिष्यवृत्ती हवी आहे त्याने आधी अर्ज करावा, निकालाची वाट पाहावी आणि मगच नोंदणी करावी.

मग निकाल येईपर्यंत लवकर नोंदणीची मुदत गेली तर काय? याचे उत्तर वहीवर मिळते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, निकालाची अपेक्षित तारीख आणि लवकर नोंदणीची शेवटची तारीख या तीन तारखा एका ओळीत मांडाव्यात. निकाल आधी येत असेल तर निर्धास्त थांबावे. तो नंतर येत असेल तर पुढच्या खेपेची परीक्षा धरावी. पहिल्या स्तराची परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा होते, त्यामुळे एक खेप पुढे जाण्याने वर्ष वाया जात नाही. अर्ज लिहिताना कुटुंबाचे उत्पन्न, शिकणाऱ्या भावंडांची संख्या आणि शुल्काचा घरावर पडणारा भार हे साध्या शब्दांत व खरे लिहावे. ज्या घराला शुल्क सहज परवडते त्याने या दारावर गर्दी करू नये, कारण जागा मोजक्या असतात.

वरील घराचे काम मग असे चालेल. परीक्षेच्या वर्षभर आधी तीन तारखा वहीत लिहिल्या जातील. शिष्यवृत्तीचा अर्ज जाईल. त्याच काळात बँकेतून आंतरराष्ट्रीय कार्ड मागवले जाईल आणि त्याच्या शुल्कपत्रकातील अधिभार पाहून पडतळ काढली जाईल. शिष्यवृत्तीचा निकाल काहीही लागो, लवकर नोंदणीच्या मुदतीच्या दहा दिवस आधी कार्डाच्या दोन्ही कळी चालू होतील, मर्यादा वाढवली जाईल आणि शुल्क डॉलरमध्ये भरले जाईल. पावती मुलीच्या नावाने ठेवली जाईल, रक्कम दुकानाच्या वहीत उचल म्हणून पडेल आणि त्याच संध्याकाळी कार्डाची आंतरराष्ट्रीय कळ पुन्हा बंद होईल.